शेडर लावताच खेळ अडखळतो: कमकुवत संगणकावर कात्री नेमकी कुठे लावावी

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी आहे आणि पडदा १९२०×१०८० चा आहे. सोडियम टाकल्यापासून माइनक्राफ्ट ९० च्या पुढे एफपीएस देते, पण शेडर पॅक लावला की १४-१५ वर येते. आणखी कोणते मॉड टाकू? की सेटिंग बदलूनच काही होईल?

उत्तर:

आणखी मॉड टाकून यातून फारसे काही निघणार नाही, सेटिंगमधून मात्र बरेच निघेल. सोडियमने तुमच्या संगणकावरचे जे ओझे उतरवले आहे ते प्रामुख्याने प्रोसेसरचे आहे, आणि शेडर पॅक जे ओझे चढवतो ते जवळजवळ सगळे ग्राफिक्सवर आणि मेमरीवर पडते. एका खांद्यावरचे ओझे हलके झाले म्हणून दुसऱ्या खांद्याची ताकद वाढत नाही, असा हा प्रकार आहे. (मी सगळीकडे जावा आवृत्ती, फॅब्रिक, सोडियम आणि त्यावर शेडर चालवण्यासाठी आयरिस अशी मांडणी गृहीत धरतो.)

साधा माइनक्राफ्ट चालवताना प्रोसेसरला दोन मोठी कामे असतात. १६×१६ ठोकळ्यांच्या प्रत्येक चंकमधून दिसणारे पृष्ठभाग निवडून त्यांची जाळी तयार करायची, आणि ती जाळी प्रत्येक फ्रेमला ग्राफिक्सकडे आज्ञांच्या रूपाने पाठवायची. सोडियम ही दोन्ही कामे फार काटकसरीने करतो, म्हणून तुम्हाला ९० एफपीएस मिळतात. लिथियम जगाची गणिते, म्हणजे प्राण्यांच्या हालचाली, ठोकळ्यांचे बदल वगैरे हलकी करतो, आणि फेराइटकोर रॅमचा वापर कमी करतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत, जरूर ठेवा. परंतु यांपैकी एकही मॉड शेडर पॅकच्या आत काय चालते त्याला हात लावत नाही. ऑप्टिफाइन सोडियमबरोबर चालत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्यावा.

शेडर पॅक लावल्यावर एक फ्रेम कशी तयार होते ते पाहिले की कात्री कुठे लावायची ते आपोआप कळते. आधी सूर्याच्या जागेवरून सगळे जग एकदा काढले जाते. त्यातून कोणता ठोकळा उन्हात आहे आणि कोणता सावलीत, याचा नकाशा तयार होतो आणि त्याला शॅडो मॅप म्हणतात. मग खेळाडूच्या डोळ्यांतून तेच जग पुन्हा काढले जाते, पण थेट पडद्यावर नव्हे, तर रंग, प्रकाश, पृष्ठभागाची दिशा आणि खोली अशा वेगवेगळ्या पडद्याएवढ्या चित्रांमध्ये. त्यानंतर ही चित्रे पुन्हा पुन्हा वाचून त्यांवर सावली, धुके, प्रकाशाचे झोत, पाण्यातले प्रतिबिंब, उजेडाची झळाळी असे एकेक थर चढवले जातात. प्रत्येक थर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी मेमरीतून वाचणे आणि मेमरीत लिहिणे.

खरी गोम इथे आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. तुमच्या लॅपटॉपमधले ग्राफिक्स प्रोसेसरच्याच रॅममधून जेवते. समजा पॅकमध्ये असे १० थर आहेत, प्रत्येक थर ३ चित्रे वाचतो आणि १ लिहितो, आणि प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट लागतात. १९२०×१०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणून एक चित्र १६.६ एमबीचे झाले. एका फ्रेमला अशा ४० फेऱ्या, म्हणजे सुमारे ६६४ एमबी, आणि सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर जवळजवळ २० जीबी. डीडीआर४-२४०० रॅमची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी वाहून नेऊ शकते, आणि त्यातलाच वाटा प्रोसेसरलाही हवा असतो. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात काही चित्रे लहान असतात आणि बरेचसे वाचन ग्राफिक्सच्या आतल्या छोट्या साठ्यातूनच भागते. तरी त्यातून दिशा अचूक कळते. हाच हिशेब १२८०×७२० ला केला तर गरज ९ जीबीच्याही खाली येते. एकही मॉड एवढा फरक पाडू शकत नाही.

पण माझ्या हिशेबावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःच्या यंत्रावर मोजून पाहा. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. जगात एक जागा ठरवा, जिथून झाडे, थोडे पाणी आणि लांबचा डोंगर असे सगळे एका नजरेत येते. तिथे दुपारची वेळ ठेवून उभे राहा, VSync बंद करा, Max Framerate अमर्याद करा आणि चंक भरेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. मग F3 दाबून एफपीएस लिहून घ्या. नव्या आवृत्त्यांत तिथेच ग्राफिक्सचा वापर टक्क्यांत दिसतो. आता लाँचरमध्ये त्या इन्स्टॉलेशनच्या Resolution मध्ये १२८० आणि ७२० लिहून खेळ पुन्हा चालू करा, आणि त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून आकडा पुन्हा घ्या. खिडकी लहान केल्यावर एफपीएस ठळकपणे वाढले तर अडचण पिक्सेलांची, म्हणजे ग्राफिक्स आणि मेमरीची आहे. जवळजवळ तेवढेच राहिले तर अडचण प्रोसेसरची किंवा जगाच्या भूमितीची आहे, आणि मग पुढची दिशाच वेगळी असेल.

आकडे एफपीएसमध्ये न ठेवता मिलिसेकंदांत बदलून घ्या, म्हणजे १००० ला एफपीएसने भागा. एफपीएस हे तुलनेसाठी फसवे माप आहे: ९० वरून ६० वर येणे भयंकर वाटते, पण त्यात फ्रेममागे फक्त साडेपाच मिलिसेकंद वाढलेले असतात. २० वरून १८ वर येणे किरकोळ वाटते, पण तिथेही तेवढेच साडेपाच मिलिसेकंद वाढलेले असतात.

तुमच्यासारख्याच एका लॅपटॉपवर मी हे करून पाहिले, त्याचे आकडे देतो. ८ जीबीची एकच पट्टी, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स, रेंडर अंतर ८ चंक, आणि एक लोकप्रिय पॅक त्याच्या मधल्या प्रोफाइलवर. शेडरशिवाय फ्रेमला साधारण १०.५ मिलिसेकंद लागत होते. पॅक लावल्यावर १०८० ला ७१ मिलिसेकंद, म्हणजे १४ एफपीएस. ७२० ला ४१ मिलिसेकंद. पिक्सेल ५६ टक्क्यांनी कमी झाले आणि ३० मिलिसेकंद वाचले, तर सगळ्या पिक्सेलांचा मिळून खर्च ३० भागिले ०.५६, म्हणजे सुमारे ५४ मिलिसेकंद. उरलेले १७ मिलिसेकंद पडद्याच्या आकाराशी संबंध नसलेल्या कामाचे आहेत, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शॅडो मॅपचा असतो. दोन मोजमापांतून निघालेली ही फोड ढोबळ असली, तरी पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर घेता येतो.

५४ चा आकडा मोठा, म्हणून पहिली कात्री तिथे. १०८० च्या पडद्यावर ७२० चे चित्र थोडे मऊ दिसते हे खरे, पण ठोकळ्यांच्या जगात, जिथे एका ठोकळ्याचे चित्रच मुळात १६×१६ ठिपक्यांचे असते, तिथे ही मऊ झाक इतर खेळांइतकी खुपत नाही. पूर्ण पडद्यावर खेळायचे असेल तर Video Settings मध्ये Fullscreen Resolution असते. सोडियमच्या काही आवृत्त्यांच्या पानावर ते दिसत नाही. अशा वेळी खेळ पूर्ण बंद करून `options.txt` मध्ये ही ओळ घालावी.

```
fullscreenResolution:1280x720@60:24
```

खेळ चालू असताना ही फाइल बदलली तर बंद होताना खेळ तिच्यावर आपलेच जुने मूल्य लिहून ठेवतो, आणि तुमचा पडदा ७२० ला चालणारा नसेल तर ही ओळ निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे खेळण्यापुरते डेस्कटॉपचेच रिझोल्यूशन कमी करणे. त्यात मजकूर मोठा दिसतो एवढीच गैरसोय.

७२० वर आल्यावर पॅकच्या आतल्या सेटिंगकडे वळा. आयरिसमध्ये O दाबल्यावर पॅकची यादी उघडते आणि K दाबून शेडर चालू-बंद करता येतो. तुलना करताना K फार कामाला येते, कारण जागा आणि वेळ न बदलता दोन्ही आकडे मिळतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सांगायला नकोच, तरी सांगतो, कारण प्रोफाइल बदलणारे बहुतेक जण एकदम वीस गोष्टी बदलतात आणि मग त्यांतली कोणती महाग होती ते कधीच कळत नाही. प्रोफाइलच्या नावांवरही विसंबू नये: एका पॅकचे Low दुसऱ्याच्या High पेक्षा जड असू शकते.

पिक्सेलांच्या खर्चात सर्वांत महाग सहसा हवेतले प्रकाशझोत असतात, ज्यांना पॅकमध्ये Volumetric Light किंवा Light Shafts असे काहीतरी नाव असते. झाडांमधून उतरणारा तो सुंदर कवडसा दाखवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलच्या रेषेवर अनेक ठिकाणी थांबून शॅडो मॅपला विचारावे लागते की इथे ऊन पोहोचते का. माझ्या त्या लॅपटॉपवर फक्त एवढे बंद केल्याने ४१ चे ३३ मिलिसेकंद झाले. ढगांचे त्रिमितीय रूपही याच पद्धतीने काढले जाते, तेव्हा तेही बंद करून साधे ढग ठेवा. पाण्यातली प्रतिबिंबे वेगळ्या स्वभावाची असतात: पाणी नजरेत नसेल तर त्यांचा खर्च जवळजवळ शून्य, आणि तळ्याकाठी उभे राहिलात की एकदम भरमसाट. म्हणूनच मोजण्याच्या जागेत पाणी हवे असे म्हटले. खोलीनुसार मागचे धूसर करणारा Depth of Field आणि हालचालीचा Motion Blur हे दोन मला कमी एफपीएसवर दिसायलाही वाईट वाटतात. ते काढण्यात दुःख नाही.

आता उरला शॅडो मॅप, आणि इथेच बहुतेक लोक चुकीची मूठ फिरवतात. सावल्या हलक्या करायच्या म्हणून ते Shadow Resolution २०४८ वरून १०२४ वर आणतात, सावल्या फाटक्या दिसतात, फायदा नगण्य मिळतो, आणि मग सावल्याच सोडून देतात. कारण असे की शॅडो मॅप काढताना पिक्सेल रंगवायचे काम तुलनेने हलके असते. जड असते ती भूमिती, म्हणजे सूर्याच्या नजरेतून पुन्हा एकदा काढावे लागणारे चंक, झाडे आणि प्राणी. ती किती, हे Shadow Distance ठरवते. अंतर १२८ ठोकळ्यांवरून ८० वर आणले की व्यापलेले क्षेत्र वर्गाच्या प्रमाणात घटते आणि मूळच्या सुमारे ३९ टक्केच उरते.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. १२८ अंतराला नकाशा २५६ ठोकळ्यांची रुंदी झाकतो, म्हणून २०४८ वर प्रत्येक ठोकळ्याच्या वाट्याला सरासरी ८ ठिपके येतात. ८० अंतराला रुंदी १६० होते, आणि १०२४ वर आणले तरी ठोकळ्यामागे ६.४ ठिपके उरतात. म्हणजे अंतर आधी कमी केले की नकाशा चौपट लहान करूनही जवळच्या सावलीचा रेखीवपणा फारसा हरवत नाही. बरेच पॅक जवळच्या भागाला मुद्दाम जास्त ठिपके देतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक आणखी कमी जाणवतो. त्या लॅपटॉपवर अंतर कमी केल्याने ५ मिलिसेकंद वाचले आणि नकाशा लहान केल्याने जेमतेम २. शेवटचा आकडा २६ मिलिसेकंद, म्हणजे ३८ एफपीएस आला, आणि सावल्या, पाणी, रंगसंगती हे सगळे जागेवर राहिले. पॅकमध्ये प्राण्यांच्या सावल्यांची वेगळी कळ असेल तर पशुपालन मोठे असलेल्या जगात ती बंद करा, कारण गोठ्यात शंभर गाई असतील तर त्या शंभरही दोनदा काढल्या जातात.

खेळाच्या स्वतःच्या सेटिंगपैकी दोन-तीनच महत्त्वाच्या आहेत. रेंडर अंतर ८ ठेवले तर तुमच्याभोवती १७×१७ चा चौरस, म्हणजे २८९ चंक येतात. १२ ला ६२५ आणि १६ ला १०८९. आवृत्ती १.१८ पासून जगाची उंची २५६ वरून ३८४ ठोकळे झाली, म्हणून जुन्या आवृत्तीत चालणारे १२ नव्यात जड जाणे स्वाभाविक आहे. पाने Fast ठेवा, कारण पारदर्शक पानांच्या मागचे थर डोळ्यांच्या नजरेतूनही काढावे लागतात आणि सूर्याच्या नजरेतूनही. Mipmap Levels शून्य करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला उलटा वाटतो. लांबच्या ठोकळ्यांसाठी लहान चित्रे वापरल्याने मेमरीवरचा भार उतरतोच, वर लांबचे लुकलुकणेही थांबते. ४ राहू द्या. कण, ढगांचा प्रकार, बायोमची रंगमिसळ यांच्यामागे वेळ घालवू नका.

एफपीएस हाती आले की मर्यादा घाला. ३८ मिळत असतील तर Max Framerate ३० वर बांधा. हे विचित्र वाटेल, पण लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच वीज-वाट्यावर आणि एकाच पंख्यावर जगतात. ग्राफिक्स सतत पूर्ण ताकदीने धावत राहिले की चालताना नवे चंक बांधायला प्रोसेसरकडे शक्ती उरत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तापून दोघेही मंदावतात. तुमचा खेळ सुरुवातीला छान चालून अर्ध्या तासाने खालावत असेल तर हेच कारण बहुधा आहे. चार्जर लावून आणि न लावता आकड्यांत मोठा फरक पडतो, तेव्हा मोजताना चार्जर लावलेलाच ठेवा.

रॅमच्या बाबतीत एक चूक मी वारंवार पाहतो: ८ जीबी आहे म्हणून खेळाला ६ जीबी देऊन टाकणे. तुमचे ग्राफिक्स त्याच ८ मधून आपला हिस्सा घेते, विंडोजला स्वतःचा लागतो, आणि उरलेले पुरेनासे झाले की डिस्कवर अदलाबदल सुरू होऊन सेकंदभराचे झटके बसतात. लाँचरच्या JVM Arguments मध्ये फक्त हा आकडा बदला, पुढची सगळी अक्षरे जशीच्या तशी ठेवा.

```
-Xmx3G
```

F3 च्या उजव्या बाजूला Mem ची टक्केवारी चढते आणि धपकन उतरते, ते नेहमीचेच आहे, त्याने घाबरू नये. ती उतरल्यावरही ९० च्या आसपासच राहत असेल आणि प्रत्येक उतारावर खेळ थबकत असेल, तरच अर्धा-एक जीबी वाढवा.

तुमची खिडकीची चाचणी उलटी निघाली, म्हणजे ७२० वर येऊनही एफपीएस हलले नाहीत, तर वरची पिक्सेलांची कात्री वाया जाईल. तेव्हा रेंडर अंतर ६ वर, Simulation Distance ५ वर आणि शॅडो अंतर आणखी खाली आणावे, म्हणजे पॅक चालू असतानाचा भूमितीचा आणि प्रोसेसरचा भाग कमी होतो. हे करण्याआधी F3 मध्ये ग्राफिक्सचे नाव वाचून घ्या. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर खेळ चुकीच्या ग्राफिक्सवर चालत असल्याचे कित्येकदा तिथेच उघड होते, आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये `javaw.exe` ला High performance दिले की काम होते. तुमच्याकडे एकच आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

पॅक निवडताना मेकअप अल्ट्रा फास्ट आधी लावून पाहा. तो कमकुवत यंत्रे डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेला आहे आणि त्यात सावल्या पूर्ण बंदही करता येतात. कॉम्प्लिमेंटरी हवाच असेल तर त्याच्या सर्वांत खालच्या प्रोफाइलपासून सुरुवात करून एकेक गोष्ट वर चढवा, वरून खाली उतरवत येऊ नका. झिप फाइल न उघडता तशीच `shaderpacks` मध्ये ठेवायची असते.

हे सगळे करूनही ७२० ला ३३ मिलिसेकंदांच्या वरच राहिलात, तर वरची फोड पुन्हा करा, पण सावल्या बंद करून. पडद्याशी संबंध नसलेला भाग आता लहान झाला आणि पिक्सेलांचाच मोठा उरला, तर तो पॅक तुमच्या मेमरीच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेव्हा लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून दुसरी खाच रिकामी आहे का ते पाहा. तिथे तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी बसली की दोन्ही वाटांनी वाहतूक सुरू होऊन १९.२ ची कमाल मर्यादा ३८.४ जीबी होते. खाच नसेल आणि रॅम बोर्डावरच जोडलेली असेल, तर सावल्या नसलेला हलका पॅक आणि ७२० हीच तुमच्या यंत्राची पायरी आहे.